दोन बदकं, एक कासव आणि ‘गरीब’ हा शब्द

अरबी शिकणाऱ्याचा दुसऱ्या वर्षाचा टप्पा अवघड असतो. लिपी वाचता येते, ‘तुमचं नाव काय’ विचारता येतं, पण वर्तमानपत्र उघडलं की काही कळत नाही. या मधल्या वाचकासाठी पाठ्यपुस्तकात बहुधा एक छोटी बोधकथा असते, तिच्याखाली तात्पर्य आणि शेवटी शब्दार्थ. असा पाठ कसा घडतो आणि मराठी माणसाला तो कुठे सोपा जातो, कुठे फसवतो, हे एकाच गोष्टीवरून पाहू.

गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पंचतंत्रातलं बडबडं कासव आणि त्याला काठीला धरून उडवत नेणारे दोन हंस. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं. तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने ते अरबीत आणलं आणि ‘कलीला व दिमना’ हा ग्रंथ झाला. ही नावं म्हणजे आपले करटक आणि दमनक, ते दोन कोल्हे. या प्रवासात हंसांची बदकं झाली. कासवाला अरबीत ‘सुलहफात’ म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून गोष्टीत कासवाची कासवीण झाली.

मधल्या पायरीच्या वाचकासाठी मी ही गोष्ट माझ्या सोप्या अरबीत लिहिली आहे. देवनागरीत अरबीचे सगळे उच्चार बसत नाहीत, पण वाक्याची चाल कळायला एवढं पुरेल.

कानत सुलहफातुन तईशु फी गदीरिन मअ बत्ततैन. जफ्फल-गदीर. कालत अल-बत्ततान : सनर्हल. कालत अस-सुलहफात : खुजानी मअकुमा. कालता : नअम, बि-शर्तिन वाहिद : ला ततकल्लमी. अम्सकत अल-बत्ततानि तरफैल-ऊद, व अद्दत अस-सुलहफातु वसतह. सुम्म तारता फिल-हवा. काल अन-नास : उन्जुरू! हाजा शैउन गरीब! सुलहफातुन ततीर! फतहत अस-सुलहफातु फमहा लिल-जवाब, फ-सकतत व मातत.

म्हणजे : एक कासवीण दोन बदकांबरोबर डबक्यात राहत होती. डबकं आटलं. बदकं म्हणाली, आम्ही निघतो. कासवीण म्हणाली, मला तुमच्याबरोबर घ्या. त्या दोघी म्हणाल्या, बरं, पण एकाच अटीवर : बोलायचं नाही. बदकांनी काठीची दोन टोकं धरली आणि कासविणीने मधोमध दातांनी पकडली. मग दोघी हवेत उडाल्या. लोक म्हणाले, बघा! ही विचित्रच गोष्ट! कासव उडतंय! कासविणीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, ती पडली आणि मेली.

या पायरीला हीच गोष्ट का निवडावी? कारण तिच्यात बदकं दोन आहेत. अरबीत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन आहे. शाळेत संस्कृत शिकलेल्याला ते नवं वाटणार नाही. ‘बत्ता’ म्हणजे एक बदक. दोन बदकं कर्ता असली की ‘बत्ततान’, आणि ‘बरोबर’, ‘मध्ये’ अशा शब्दांमागे आली की ‘बत्ततैन’. ‘खुजानी’ या एका शब्दात ‘तुम्ही दोघी मला घ्या’ एवढं सामावलं आहे. पण खरी ठेच लागते ती ‘कालत अल-बत्ततान’पाशी. कर्ते दोन, मग क्रियापद ‘कालत’ हे एकवचनी कसं? नियम असा की क्रियापद कर्त्याच्या आधी आलं तर ते एकवचनीच राहतं, फक्त लिंग दाखवतं. कर्ता एकदा सांगून झाला की पुढे मात्र ‘कालता’, ‘तारता’ अशी द्विवचनी रूपं येतात. शिकणारा ‘कालत’ दिसताच ‘ती म्हणाली’ असं समजतो आणि बदकांचं वाक्य कासविणीच्या तोंडी घालतो. तसं झालं की तिने स्वतःच बोलायचं नाही अशी अट घातली असं वाटू लागतं. गोष्टीचा अर्थ उलटा लागला, तर आधी हे क्रियापद तपासावं.

आता तात्पर्य. अरबीत त्याला ‘इब्रा’ म्हणतात. या पायरीवर छापील मजकुरातल्या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा काढून टाकलेल्या असतात, वाचकाने त्या मनाने भरायच्या. खुणा नसल्या की ‘इब्रा’ म्हणजे तात्पर्य आणि ‘अब्रा’ म्हणजे अश्रू हे दोन्ही शब्द कागदावर अगदी सारखे दिसतात. कोणता घ्यायचा हे संदर्भच सांगतो. आपल्या गोष्टीचं तात्पर्य असं : कलिमतुन फी गैरि वक्तिहा तुस्कितु साहिबहा. अवेळी बोललेला शब्द बोलणाऱ्यालाच पाडतो.

‘तुस्कितु’ हा शब्द मी मुद्दाम योजला. गोष्टीत कासवीण ‘सकतत’, म्हणजे पडली. मूळ अक्षरं तीनच, स-क-त. तीच दुसऱ्या साच्यात घातली की ‘पडणे’चं ‘पाडणे’ होतं, मराठीत पडतो-पाडतो होतं तसंच. अरबीचा मोठा शब्दकोश या मूळ अक्षरांच्या क्रमाने लावलेला असतो. ‘तुस्कितु’ हा ‘त’खाली शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. मूळ ओळखता येईपर्यंत वाचकाला धड्याखालच्या शब्दार्थांवरच अवलंबून राहावं लागतं, म्हणून ते नीट केलेले हवेत. नामाचं अनेकवचन द्यायलाच हवं, कारण पुष्कळ नामांत ते शब्दाच्या आतले स्वर बदलून होतं आणि अंदाजाने काढता येत नाही. क्रियापदाचा भूतकाळ आणि वर्तमानकाळ दोन्ही हवेत.

मराठी वाचकासाठी शब्दार्थांत आणखी एक गोष्ट हवी. फारसीच्या वाटेने शेकडो अरबी शब्द मराठीत येऊन बसले आहेत. काही जसेच्या तसे उपयोगी पडतात, काही अर्थ बदलून आले आहेत.

शब्दार्थ

गदीर (अनेकवचन गुद्रान) : डबकं, साचलेलं पाणी.
जफ्फ, यजिफ्फु : आटणे, सुकणे.
शर्त (शुरूत) : अट. मराठी ‘शर्त’ हाच शब्द.
तरफ (अत्राफ) : टोक, बाजू. ‘एकतर्फी’मधला ‘तर्फ’ इथलाच.
ऊद (ईदान) : काठी, लाकूड. सुगंधी लाकडालाही हेच नाव, आणि ‘ऊद’ हे तंतुवाद्यही हेच.
नजर, यन्जुरु : पाहणे. त्यावरून ‘उन्जुरू’, बघा.
गरीब (गुरबा) : विचित्र, अनोळखी, परका. सावधान, दरिद्री नव्हे.
सकत, यस्कुतु : पडणे. अस्कत, युस्कितु : पाडणे.
साहिब (अस्हाब) : सोबती, धनी. तात्पर्यात ‘ज्याचा शब्द तो’. ‘साहेब’ इथून आला.
गैर : -शिवाय, -खेरीज, नसलेलं. ‘गैरहजर’मधला ‘गैर’.

हवा, जवाब आणि वक्त या यादीत घातले नाहीत, ते तुम्हाला येतात. ‘गरीब’ मात्र घालावाच लागला. तो नसता, तर लोकांनी उडत्या कासविणीला बघून ‘बिचारी’ म्हटलं असं मराठी वाचक समजला असता, आणि तिला उत्तर द्यावंसं का वाटलं हे त्याला कळलंच नसतं. आता वर जाऊन अरबी परिच्छेद पुन्हा एकदा वाचा, या वेळी मराठी अर्थावर हात ठेवून.