उधारीची गोष्ट कशी लिहावी

समजा, तुम्ही छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळता आणि तसेच आणखी ग्राहक हवे आहेत. मग जुन्या ग्राहकाच्या कामाची गोष्ट एका पानात लिहा. सुरुवात स्वतःच्या अनुभवाने नको, त्याच्या अडचणीने करा : ‘तालुक्याच्या गावातला हार्डवेअरचा घाऊक व्यापारी. महिन्याची उधार विक्री 9 लाख, येणं 18 लाख. माल जातो, पैसा येत नाही.’ हे वाचून दुसरा घाऊक व्यापारी थांबतो, कारण हे त्याचंच दुखणं आहे.

उपाय दोन-तीन वाक्यांत सांगा : बिल त्याच दिवशी पाठवलं, पंचविसाव्या दिवशी फोन केला, 45 दिवस उलटले की नवा माल थांबवला. एखादं जुनं गिऱ्हाईक दुरावलं असेल तर तेही लिहा. त्यानेच विश्वास बसतो.

निकाल मात्र नीट मोजा. ‘वसुली सुधारली’ हे पोकळ आहे. नुसती येण्याची रक्कमही फसवते, विक्री घटली तरी ती घटते. म्हणून दिवस काढा : 18 लाख म्हणजे दोन महिन्यांची विक्री, 60 दिवस. सहा महिन्यांनी विक्री तेवढीच, येणं 12 लाख, म्हणजे 40 दिवस. आकडे छापण्याआधी ग्राहकाची लेखी परवानगी घ्या.