एका पैशाची मुलाखत

मुलाखतीला आलेली मुलगी खोलीत शिरली आणि सवयीने फळ्याजवळ जाऊन मार्कर उचलला. पुण्यातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या सीनियर डेव्हलपरने तिला खुर्ची दाखवली. "फळा राहू द्या. तुमचाच लॅपटॉप काढा, दोघं मिळून एक बग शोधू. गूगल केलं तरी चालेल."

इथे डोकं खाजवायला लावणारी कोडीही विचारत नाहीत. मुलाखतीतल्या अशा कोड्यांवरचा गूगलचा स्वतःचाच विश्वास केव्हाच उडालाय. तिथल्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी 2013 मध्ये असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं.

मुलीच्या लॅपटॉपवर होतं सहलीचा खर्च मित्रांत वाटणारं फंक्शन:

```python
def split(total, n):
    share = round(total / n, 2)
    return [share] * n
```

सोबतची टेस्ट पास होत होती, कारण तिच्यात 90 रुपये तिघांत वाटले होते. मुलीने कोडला हात न लावता 100 रुपयांची नवी टेस्ट लिहिली. प्रत्येकी 33.33, बेरीज 99.99. एक पैसा गायब! 200 रुपयांना उलटं झालं, एक पैसा जास्तच आला.

तिचा पहिला उपाय सरळ होता: उरलेला फरक शेवटच्या माणसावर टाकायचा. "एक रुपया आठ जणांत वाटा बघू," डेव्हलपर म्हणाला. सात जणांना 12 पैसे, आठव्याला 16. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "हा भांडेल." तिने रुपयांचे पैसे केले, म्हणजे दशांश चिन्हच गेलं. `divmod(100, 8)` ने `(12, 4)` दिलं. पहिल्या चौघांना 13, उरलेल्यांना 12. हिशेब जुळला.

डेव्हलपरने वहीत लिहिलं: इशारा एक. ही मोजदाद महत्त्वाची, कारण न राहवून परीक्षकानेच कीबोर्ड ओढला की मुलाखत त्याची स्वतःचीच होते.

मग रिव्ह्यूसाठी चाळीसेक ओळींचा बदल. त्यात मुद्दाम पेरलेल्या चुका: युजरने टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएल क्वेरीत चिकटवलेलं, लूपमध्ये प्रत्येक माणसासाठी वेगळी क्वेरी, आणि `x2` सारखी व्हेरिएबलची नावं. कोण कशावर आधी बोट ठेवतो, हे इथे बघायचं असतं. आधीच्या एका उमेदवाराने नावांवर आणि स्पेसवर भरभरून शेरे मारले, पण डेटाबेसचं दार उघडं आहे हे त्याला दिसलंच नाही. हिने तेच आधी धरलं. लूप मात्र तिच्या नजरेतून सुटला, "यादीत पाच हजार जण असतील तर?" असं विचारल्यावर तिने कपाळावर हात मारला.

या पद्धतीत अबोल माणसावर अन्याय होतो, हे खरंच. कोणी शेजारी बसलं की काहींची बोटं चालत नाहीत. म्हणून इथे हवी त्याला वीस मिनिटं एकट्याने बसू देतात आणि मग बोलतात.

दोन दिवसांनी मुलीला होकार गेला. टेस्टमधले 90 रुपये तसेच ठेवलेत, पुढच्या उमेदवारासाठी.