चव्हाट्यावर पडलेला फोन नंबर

आमच्या शेजारच्या वहिनी पूर्वी घरगुती डबे देत असत. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते काम बंद केले आणि मोठी पातेली माळ्यावर टाकली. पण फोनची घंटा काही थांबली नाही. "दोन डबे मिळतील का?" इथपर्यंत ठीक होते. पुढे रात्री अकरा वाजता अनोळखी माणसे नाव घेऊन बोलू लागली. "अहो, माझा नंबर यांना दिला तरी कुणी?" असे त्या विचारीत. या प्रश्नाचे उत्तर आधी शोधायला हवे. कारण नंबर कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर तो काढणार कुठून?

आम्ही प्रथम गूगलवर तो नंबर अवतरणचिन्हांत घालून शोधला. येथे एक बारीक गोष्ट आहे. एकच नंबर तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला असतो: सलग दहा आकडे, मागे +91 लावून, किंवा पाच आकड्यांनंतर जागा सोडून. म्हणून या सर्व तऱ्हांनी शोधावे. वहिनींचा नंबर अशा रीतीने तीन ठिकाणी सापडला. डब्यांच्या जाहिरातीसाठी त्यांनीच तो एका व्यापारी डिरेक्टरीत दिला होता. बाकीच्या दोघांनी तो तिथून उतरवून घेतला होता.

आता क्रम नीट ध्यानात घ्या. आधी मूळ पान, मग गूगल. गूगल हा केवळ वाट दाखवणारा आहे. त्याने वाट दाखवणे बंद केले, तरी घर जागच्या जागी राहते.

मूळ पानावर "दुरुस्ती करा" किंवा "हा व्यवसाय माझा आहे" अशा अर्थाचे बटण बहुधा असते. ते दाबले की आपल्या फोनवर ओटीपी येतो. तो आपणच त्या पानावर भरावा. फोन करून मागणाऱ्याला मात्र कधीही सांगू नये. वहिनींनी "व्यवसाय बंद" असे नोंदवले आणि त्या निश्चिंत झाल्या. दोन दिवसांनी पाहतो तो काय? पानावर "कायमचे बंद" असे लिहिलेले, आणि त्याखाली नंबर जसाच्या तसा! बंद करणे निराळे आणि काढून टाकणे निराळे. तेव्हा त्यांनी ईमेल लिहिला. त्यात पानाचा पूर्ण पत्ता, नंबर, आणि "हा माझा खाजगी नंबर आहे, तो पानावरून काढावा," एवढेच वाक्य होते. सोबत पानाचे चित्र आणि तारीख जोडली. अशा संकेतस्थळांनी तक्रार अधिकाऱ्याचे नाव व पत्ता प्रसिद्ध करावा, असे २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत आहे. पानाच्या तळाशी तो शोधावा आणि पत्र त्यालाच पाठवावे. उतरवून घेणाऱ्या दोघांनाही निरनिराळी पत्रे लिहावी लागतात.

नंबर खरोखर गेला का, हे आपल्या खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पाहावे. पानावरून गेला, पण गूगलच्या यादीत अजून दिसतो, असे झाले तर गूगलचे Refresh Outdated Content हे साधन वापरावे. उलट, पानवाला दादच देत नसेल, तर नंबर दाखवणारा तो निकाल काढण्याची विनंती गूगलकडे करता येते. २०२२ पासून खाजगी फोन नंबरासाठीही ही सोय आहे. पण ती विनंती मान्य झाली, तरी पान राहतेच.

आता राहिली नाव घेऊन बोलणारी माणसे. ट्रूकॉलरसारख्या सेवेत नाव जाते ते पुष्कळदा दुसऱ्याच्या फोनमधल्या यादीतून. कुणी "डबेवाल्या वहिनी" असे लिहून ठेवले असेल, तर तेच नाव अनोळखी माणसाला दिसते. आपण ते अॅप कधी घेतले नसले तरीही! ते आपल्या फोनवर असेल, तर नुसते पुसून भागत नाही. आधी त्याच्या सेटिंग्जमधून खाते बंद करावे. मग truecaller.com/unlisting या पानावर +91 सह नंबर भरून नाव काढण्याची मागणी करावी. याला एक दिवसापर्यंत वेळ लागतो. पुढे पुन्हा त्या अॅपमध्ये नोंदणी केली, तर नंबर परत यादीत येतो, हे विसरू नका.

एक गोष्ट मात्र कोणत्याही अर्जाने होत नाही. ज्यांनी नंबर आधीच टिपून घेतला आहे, त्यांच्या फोनमधून तो निघत नाही. वहिनींना जुने ओळखणारे दोन-चार जण अजून फोन करतात. त्यांचे नंबर त्यांनी अडवून ठेवले. नवे अनोळखी फोन मात्र कमी झाले. आता महिन्यातून एकदा त्या आपला नंबर सगळ्या तऱ्हांनी शोधून पाहतात. गेल्या खेपेला एका चौथ्या ठिकाणी तो पुन्हा सापडला. त्या रागावल्या नाहीत. जुने पत्र काढले, पानाचा पत्ता बदलला आणि पाठवून दिले.