बरणी उकळली, पण कोरडी झाली का?

लोणचं नासलं की घरात दोनच गुन्हेगार सापडतात. एक तर बरणी नीट उकळलेली नसते, नाहीतर कोणीतरी तिच्यात ओला चमचा घातलेला असतो. उकळल्याने बरणीत आधीपासून असलेले जंतू मरतात, पण त्याचा फायदा झाकण पहिल्यांदा उघडेपर्यंतच. एकदा बरणी वापरात आली की हवेतून, चमच्यावरून बुरशीचे बीजाणू आत पडतच राहतात. तरीही चांगलं लोणचं वर्षभर टिकतं, कारण आत पडलेल्या जंतूला तिथे प्यायला पाणी मिळत नाही.

म्हणजे पाणी नसतं असं नव्हे. एक किलो कैरीच्या फोडी घेतल्या तर त्यात साधारण 850 ग्रॅम पाणीच असतं. त्यांना 200 ग्रॅम मीठ लावलं की फोडींना पाणी सुटतं, त्यात मीठ विरघळतं आणि खार तयार होतो. मीठ सगळीकडे सारखं मुरलं की हा खार समुद्राच्या पाण्याच्या पाचपट खारट होतो. मिठाने पाणी इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की जंतूला ते ओढून घेता येत नाही. उलट जंतूच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. जॅममध्ये हेच काम साखर करते. नीट आटवलेल्या जॅममध्ये वजनाच्या 65 टक्क्यांहून जास्त साखर असते. शिवाय कैरीचा किंवा फळाचा आंबटपणा मदतीला असतो, आणि लोणच्यावर तरंगणारं तेल हवा अडवतं.

आता यात ओला चमचा घालून पाहू. नुकत्याच धुतलेल्या चमच्यावर अर्धा मिलिलिटर पाणी सहज राहतं. बरणीभर लोणच्याच्या हिशेबात हे काहीच नाही, सगळं ढवळून एकजीव केलं तर खारटपणात फरकही पडणार नाही. पण ते एकजीव होत नाही. पाणी तेलात मिसळत नाही, थेंब तेलाखाली उतरतो आणि एखाद्या फोडीला चिकटून बसतो. तिथे जेमतेम चमचाभर दाट खार असेल, तर तेवढ्या जागेपुरता तो पातळ होतो. मीठ हळूहळू पसरून ती जागा पुन्हा खारट होईपर्यंत तिथे पडलेल्या यीस्टला किंवा बुरशीला वाढायला वाव मिळतो. जॅमचं तर आणखी अवघड. ते इतकं घट्ट असतं की पाणी वरच्या वर राहतं. त्यामुळे जॅममध्ये बुरा बहुतेक वेळा आधी वरच्या थरावर किंवा काचेच्या कडेला दिसतो. चमच्यावर पाण्याबरोबर वरणाचा, दह्याचा किंवा ब्रेडचा कण असेल, तर जंतूंच्या खाण्याचीही सोय झाली.

बरणी उकळताना याच पाण्याचं भान ठेवावं लागतं. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून त्यावर स्वच्छ धुतलेली बरणी ठेवावी आणि ती पूर्ण बुडेल इतकं साधं किंवा कोमट पाणी घालून मग गॅस लावावा. थंड बरणी एकदम उकळत्या पाण्यात सोडली तर साध्या काचेला तडा जातो. पाणी खळखळून उकळायला लागलं की तिथून 10 मिनिटं मोजायची. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीसारख्या समुद्रसपाटीच्या गावांचा झाला. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून दर हजार फुटांमागे एक मिनिट वाढवायचं. पुण्यात 12 मिनिटं पुरतात. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, तिथे स्ट्रॉबेरीच्या जॅमच्या बाटल्या 15 मिनिटं उकळाव्या लागतात.

खरी चूक होते ती यानंतर. बाहेर काढलेली बरणी आपण सवयीने फडक्यावर पालथी घालतो. तोंड बंद झाल्यामुळे आतली वाफ आतच कोंडते आणि काच गार झाली की पुन्हा थेंब धरते. त्याऐवजी चिमट्याने बरणी बाहेर काढून पाणी निथळून टाकावं आणि ती गरम असतानाच कोरड्या कापडावर सुलटी ठेवावी. काचेच्या उष्णतेनेच आतलं पाणी उडून जातं. आतून फडक्याने पुसू नये, कारण उकळून मारलेले जंतू फडक्यावरून परत येतात. ओव्हन असेल तर 110 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवावी, पण रबरी चकती आधी काढून घ्यावी. हे वाळवण्यासाठी आहे, उकळण्याला पर्याय म्हणून नाही. कोरड्या उष्णतेने जंतू मारायला बरंच जास्त तापमान आणि वेळ लागतो. उन्हाचंही तसंच आहे. ऊन बरणी छान वाळवतं, पण जंतू मारणारे किरण बहुतांशी काचच अडवते. वाळल्याची शंका असेल तर झाकण लावून बरणी थोडा वेळ उन्हात ठेवावी आणि मग सावलीत आणावी. आतून धुकं धरलं तर ओल शिल्लक आहे.

भरण्याची रीत मात्र दोन्हींची उलट आहे. जॅम उकळतं असतानाच गरम बाटलीत ओतायचं आणि लगेच झाकण घट्ट लावायचं. त्या उष्णतेने झाकणही निर्जंतुक होतं आणि गार होताना आत पोकळी तयार होऊन ते घट्ट बसतं. लोणचं गार बरणीत भरायचं आणि वर घालायची फोडणीही पूर्ण गार करून घ्यायची. गरम फोडणी घालून झाकण लावलं तर वाफ झाकणाला धरते आणि थेंबाथेंबाने लोणच्यावर पडते. मग ओल्या चमच्याची गरजच उरत नाही.

मोठ्या बरणीला दादरा बांधून ठेवायचा आणि आठवड्यापुरतं लोणचं लहान बाटलीत काढायचं, ही जुनी रीत यासाठीच आहे. मोठी बरणी कमी वेळा उघडते आणि ताटावरचा चमचा तिच्यापर्यंत पोचत नाही. काढून झालं की फोडी दाबून तेलाखाली घालाव्यात. तेल कमी पडलं तर तापवून गार केलेलं तेल वरून ओतावं. पावसाळ्यात फ्रीजमधली जॅमची बाटली टेबलावर उघडी ठेवू नये, कारण दमट हवेतलं पाणी गार काचेवर आणि जॅमवर जमतं.

एवढं करूनही बिघडलं तर ते लपत नाही. झाकण उघडताना फसफस होते, खारात बुडबुडे येतात, दारूसारखा आंबूस वास येतो, फोडी लिबलिबीत होतात, वर पांढरट साय धरते. बुरा दिसला तर तेवढाच काढून बाकीचं खाणं बरं नाही. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, काही बुरशा विष तयार करतात आणि काही आंबटपणाच खाऊन टाकतात.

हा आंबटपणा फार महत्त्वाचा आहे. पाणी उकळून मरत नाहीत असे बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू त्याच्यामुळेच गप्प राहतात. कैरी आणि लिंबू मुळातच पुरेसे आंबट असतात. लसूण तसा नसतो आणि तेलाखाली हवाही नसते, म्हणजे या जिवाणूला हवी तशी जागा. म्हणून लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर लागतं. नुसत्या तेलात बुडवलेला लसूण, बरणी कितीही वेळ उकळलेली असली तरी, बाहेर ठेवू नये.