एम12 बाय 60: घाऊक भावाची ओळ कशी लिहावी

‘एम12 बोल्ट, उत्तम दर्जा, होलसेल भावात.’ नट-बोल्टच्या घाऊक व्यापाऱ्याच्या यादीत अशी ओळ सर्रास दिसते. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या कारखान्यातला खरेदी अधिकारी ती वाचतो, तेव्हा त्याच्या हाती काहीच लागत नाही. लांबी किती? आटे पूर्ण की अर्धे? ताकद कोणत्या वर्गाची? भाव नगाचा, शेकड्याचा की किलोचा? मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं काउंटरवर उभ्या उभ्या विचारून होतं. लेखी यादीत मात्र हे प्रश्न विक्रेत्यानं आधीच ओळखून त्यांची उत्तरं द्यायची असतात. हे काम कसं करतात, ते या एकाच बोल्टवरून पाहू.

सुरुवात मापापासून. ‘एम12 × 1.75 × 60’ असं लिहिलं की तीन गोष्टी पक्क्या होतात: आट्यांचा बाहेरचा व्यास 12 मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर 1.75 मिलिमीटर आणि लांबी 60. मधला आकडा बरेच जण गाळतात, कारण 1.75 हेच नेहमीचं अंतर आहे. पण एम12 मध्ये 1.25 आणि 1.5 अंतराचे बारीक आटेही मिळतात. असा बोल्ट नेहमीच्या नटात एखादा फेरा जातो आणि अडकतो. षट्कोनी बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात आणि डोकं पृष्ठभागात बुडणाऱ्या काउंटरसंक स्क्रूची डोक्यासकट. एकाच यादीत दोन्ही माल असेल, तर हा फरक लिहावाच लागतो.

पुढचा प्रश्न आट्यांचा. बाजारात त्याला ‘हाफ थ्रेड’ आणि ‘फुल थ्रेड’ म्हणतात. आयएस 1364 या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात अर्ध्या आट्यांचे बोल्ट येतात आणि दुसऱ्या भागात पूर्ण आट्यांचे. आपल्या 60 मिलिमीटरच्या हाफ थ्रेड बोल्टवर आटे फक्त 30 मिलिमीटर असतात. दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकू पाहतात अशा जोडात त्या सांध्याशी बोल्टचा गुळगुळीत दांडा यायला हवा, कारण आट्यांच्या जागी धातू कमी असतो. दांड्याचं क्षेत्रफळ सुमारे 113 चौरस मिलिमीटर, तर आट्यांपाशी भार पेलणारं क्षेत्रफळ सुमारे 84. हाफच्या जागी फुल गेला, तर जोड बसतो, पण कमकुवत बसतो, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

मानकाचा क्रमांक लिहिण्याचं आणखी एक कारण पान्याशी जोडलेलं आहे. डिन 931 या जुन्या जर्मन मानकाप्रमाणे एम12 बोल्टच्या डोक्याला 19 नंबरचा पाना लागतो. आयएसओ 4014 आणि आपल्या आयएस 1364 प्रमाणे 18 नंबरचा. बाजारात दोन्ही माल फिरतो. ज्या असेंब्ली लाइनवर 18 चे सॉकेट बसवलेले आहेत, तिथे 19 ची पेटी पोचली तर बोल्ट निर्दोष असूनही काम थांबतं आणि माल परत येतो. यादीत ‘डोकं 18 मिमी’ एवढं लिहिलेलं असेल, तर हा प्रसंग टळतो.

ताकदीसाठी ‘हाय टेन्साइल’ एवढं लिहून भागत नाही. 8.8 हा वर्ग लिहावा. पहिला आकडा सांगतो की पोलाद प्रति चौरस मिलिमीटर 800 न्यूटनपर्यंतचा ताण घेऊन मग तुटतं. दुसरा सांगतो की त्याच्या 80 टक्के, म्हणजे 640 न्यूटनपर्यंत ते कायमचं लांबत नाही. एम12 साठी तुटण्याचा भार जवळपास 67 किलोन्यूटन, म्हणजे पावणेसात टनांहून थोडा जास्त भरतो. 4.6 वर्गाचा तसाच दिसणारा बोल्ट त्याच्या निम्म्यावर तुटतो. 8.8 बोल्टच्या डोक्यावर हा वर्ग आणि कारखान्याची खूण उठवलेली असते. यादीत त्या डोक्याचा स्पष्ट फोटो असावा.

आता किमान मागणी. समजा, एका गिऱ्हाइकाला हाच बोल्ट 63 मिलिमीटर लांबीचा हवा आहे. ही लांबी तयार साठ्यात नसते, मुद्दाम करावी लागते. हिशेबासाठी धरू, की यंत्रावर डाय बसवणं, पहिले नग तपासणं आणि प्लेटिंगवाल्याचं किमान बिल मिळून 4,000 रुपये लागतात, मग नग कितीही असोत. त्यावर दर नगाला 9 रुपये. 100 नग काढले तर एक नग 49 रुपयांना पडतो. 500 ला 17, 1,000 ला 13, 2,000 ला 11 आणि 10,000 ला 9 रुपये 40 पैसे. बाजारभाव 20 रुपयांच्या आसपास असेल, तर 500 खाली काम घेणं परवडत नाही. किमान मागणी या हिशेबातून येते. शेजाऱ्याच्या यादीतून उचललेला आकडा एक तर तोट्यात नेतो, नाही तर गिऱ्हाइक घालवतो. तिच्यासोबत पटही लिहावा: ‘किमान 500, पुढे 100 च्या पटीत’. नाही तर 537 ची मागणी येते आणि पेट्या फोडून नग मोजत बसावं लागतं.

भावाचे टप्पे याच आकड्यांवर ठरतात, पण त्यात एक खड्डा असतो. कुणी लिहिलं, की 500 ते 1,999 ला 20 रुपये, 2,000 ते 9,999 ला 14 आणि 10,000 पासून 12. आता 1,900 नगांचे 38,000 रुपये होतात आणि 2,000 नगांचे 28,000. शंभर नग जास्त घेतले की बिल दहा हजारांनी कमी! 1,400 नगांनाच 28,000 पडतात, म्हणजे 1,400 ते 1,999 मधली कुठलीही मागणी गिऱ्हाइकाला तोट्याची. ते फोन करतं, घासाघीस करतं किंवा 2,000 घेऊन उरलेले नग दुसऱ्याला विकतं. पायरी जितकी उंच, तितका हा खड्डा रुंद. मध्ये 1,000 ते 1,999 ला 16 रुपये अशी पायरी घातली, तर 2,000 च्या खालचा खड्डा 1,750 पासूनच सुरू होतो. पहिल्या पायरीशी 800 ते 999 दरम्यान थोडा उरतो. संपूर्ण मालाला एकच भाव लावण्याच्या पद्धतीत तो पुरता बुजत नाही. पुरता बुजवायचा, तर पुढच्या टप्प्याचा भाव फक्त त्या टप्प्यातल्या जादा नगांना लावायचा आणि तसं स्पष्ट लिहायचं.

हे सगळं मिळून ओळ अशी होते:

षट्कोनी बोल्ट, एम12 × 1.75 × 63, हाफ थ्रेड, आटे 30 मिमी, इतर मापं आयएस 1364 भाग 1 प्रमाणे, डोकं 18 मिमी, वर्ग 8.8, झिंक प्लेटिंग किमान 8 मायक्रॉन, नट-वॉशर वेगळे. भाव प्रति नग, जीएसटी व वाहतूक वेगळी: 500 पासून 20 रु., 1,000 पासून 16 रु., 2,000 पासून 14 रु., 10,000 पासून 12 रु.; भाव संपूर्ण मालाला. किमान 500, पुढे 100 च्या पटीत. भाव या महिनाअखेरपर्यंत.

शेवटचं वाक्य तारेच्या भावासाठी आहे. पोलादाची तार महागली, की 9 रुपयांचा आकडा हलतो आणि मुदत न घातलेला जुना भाव विक्रेत्याच्या गळ्यात पडतो. उलट 4,000 चा आकडा बराच काळ टिकतो. म्हणून तार वाढली की किमान मागणीला हात न लावता चारही टप्प्यांत नगामागे सारखेच पैसे वाढवावेत. टक्क्यांनी वाढवलं, तर 500 घेणाऱ्यावर तारेच्या वाढीहून जास्त बोजा पडतो आणि 10,000 घेणाऱ्यावर कमी.