प्रश्न चांगला, पण झेपेल का?

संशोधनाचा प्रश्न कितीही महत्त्वाचा असला, तरी त्याचे उत्तर दिलेल्या मुदतीत, हाताशी असलेल्या पैशांत, गाठता येतील अशा माणसांकडून आणि त्यांना इजा न होता मिळणार नसेल, तर तो त्या प्रकल्पापुरता निरुपयोगी ठरतो. वैद्यकीय संशोधनाच्या शिक्षणात प्रश्न पारखण्याची ‘फिनर’ नावाची कसोटी शिकवली जाते. तिच्या पाच अक्षरांपैकी पहिले अक्षर ‘फीझिबल’चे, म्हणजे झेपण्याचे. प्रश्न रंजक आहे का, नवा आहे का, हे त्याच्यानंतर येते. प्रत्यक्षात विद्यार्थी हा क्रम उलटा लावतात. आधी प्रश्नाच्या प्रेमात पडतात आणि तो झेपतो का हे फील्डवर गेल्यावर कळते.

ही तपासणी कशी करायची हे एका उदाहरणावर पाहता येईल. समजा, पुण्यात सामाजिक आरोग्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला पदव्युत्तर प्रबंधासाठी प्रश्न घ्यायचा आहे : ‘बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती आहे आणि त्या का होतात?’ मुदत ऑगस्ट ते एप्रिल, खिशात २५ हजार रुपये. विषय नवा नाही. २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली होती. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळपास सतरा.

पहिली तपासणी पैशांची किंवा वेळेची नसते. कोणता पुरावा हाती आला म्हणजे प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणता येईल, हे आधी ठरवावे लागते. वरच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. ‘प्रमाण किती’ यासाठी मोजणी हवी. ‘का होतात’ यात आणखी दोन अर्थ लपले आहेत. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या गरजेची होती का, हा एक अर्थ. बाईने आणि घरच्यांनी तो निर्णय कसा घेतला, हा दुसरा. पहिल्या अर्थासाठी सोनोग्राफीचे रिपोर्ट, पेशीतपासणीचे निष्कर्ष आणि दवाखान्यातले केसपेपर लागतात. अनेकींकडे डिस्चार्ज कार्डसुद्धा शिल्लक नसते, आणि खासगी रुग्णालय आपली कागदपत्रे एका विद्यार्थिनीपुढे उघडून ठेवील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणजे ‘गरज होती का’ हा भाग पहिल्याच बैठकीत वगळावा लागतो. बाईला विचारून त्याचे उत्तर मिळत नाही. तिला डॉक्टरांनी काय सांगितले एवढेच त्यातून कळते.

आता मोजणी. प्रमाण १७ टक्के धरले आणि पाच टक्के इकडेतिकडे चालवून घ्यायचे ठरवले, तर नेहमीच्या सूत्राने सुमारे २२५ बायका लागतात. पण बायका यादीतून एकेक निवडता येत नाहीत, टोळीच्या टोळी निवडावी लागते. एका टोळीतल्या बायका बहुधा एकाच गावच्या, एकाच दवाखान्यात जाणाऱ्या असतात. त्यांची उत्तरे एकमेकींसारखी येतात म्हणून नमुना वाढवावा लागतो. तो दुप्पट धरला तर आकडा ४५०वर जातो. ऊसतोडीची बाई पहाटे उठून फडात जाते आणि मोळ्या बांधून, गाडी भरून अंधार पडताना कोपीवर येते. त्यानंतर चूल, पाणी, पोरे. अशा संध्याकाळी एका मुलाखतकर्तीच्या दोन मुलाखती झाल्या तरी खूप झाले. दोघी जणी असल्या तर दिवसाला चार, म्हणजे ४५०ना ११२हून जास्त दिवस. सोबतच्या मुलाखतकर्तीला रोजचे ६०० रुपये धरले, तर तिचाच खर्च ६७ हजारांवर जातो. प्रवास, मुक्काम अजून धरलेलाच नाही. मोजणीचा भागही इथे संपतो. हा हिशेब कागदावर अर्ध्या तासात होतो. तो न करता प्रस्ताव लिहिला, तर तोच निष्कर्ष जानेवारीत चाळीस फॉर्म भरल्यावर निघतो.

माणसांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न मात्र आकडेमोडीने सुटत नाही. अमेरिकी औषधतज्ज्ञ लुई लासान्या यांच्या नावाने संशोधकांत एक चेष्टेतला नियम प्रचलित आहे : अभ्यास सुरू होण्याआधी जे रुग्ण ढिगाने दिसतात, ते अभ्यास सुरू होताच गायब होतात. बीडमध्ये हे शब्दशः घडते, आणि त्याचे कारण हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, कारखान्यांची धुराडी विझल्यावर साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. विद्यार्थिनीचे वेळापत्रक यावर ठेवून पाहावे. ऑगस्टमध्ये विषय मंजूर, सप्टेंबरात प्रस्ताव, मग संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज. समिती ठरावीक दिवशीच बसते, पहिल्या वेळी शंका काढून अर्ज परत पाठवते. परवानगी हातात येईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो आणि गावात म्हातारी माणसे व शाळकरी मुले उरतात. बायका परततात तेव्हा प्रबंध बांधायला गेलेला असतो.

मग कारखान्यावर जाऊन कोप्यांमध्येच का विचारू नये? इथे प्रवेश आणि नैतिकता हे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. कोप्यांपर्यंतची वाट मुकादमाकडून जाते. त्याने नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, हंगामाआधी उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत जोडी त्याच्या शब्दाबाहेर नसते. त्याने ‘बोला मॅडमशी’ म्हटले की बाई बोलेल, पण ती संमती तिची नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे अशा परावलंबी सहभागींसाठी वेगळे संरक्षण मागतात. दुसरी अडचण जागेची. कोपीला दार नसते, शेजारच्या कोपीत कुजबुजसुद्धा ऐकू जाते आणि पाळी, अंगावर जाणे, शस्त्रक्रिया यांबद्दल बोलायचे आहे ते नवऱ्याच्या आणि दिराच्या देखत. दिवसा बोलवावे तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ते संशोधकाने भरून द्यावेत हे योग्यच, पण रक्कम मोठी ठेवली तर बाई पैशांसाठी नको ते बोलायला तयार होते. समितीला नेमकी किती रक्कम आणि ती कशाची, हे लिहून द्यावे लागते.

आणखी एक मुद्दा कायद्याचा आहे आणि तो बहुतेक प्रस्तावांत सुटतो. टोळ्यांमध्ये अठरा वर्षांखालच्या लग्न झालेल्या मुली असतात. अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध हा २०१२च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे ‘तुम्ही सांगाल ते कुठेही जाणार नाही’ हे माहितीपत्रकातले नेहमीचे वाक्य इथे खोटे पडू शकते. सहभागींचे किमान वय आधीच ठरवणे आणि गोपनीयतेला कुठे मर्यादा आहे हे मुलाखत सुरू होण्यापूर्वी सोप्या मराठीत सांगणे, एवढे तरी करावेच लागते.

एवढे सगळे लागल्यावर प्रश्न सोडून देण्याची घाई होते. त्याआधी त्याचे सांधे एकेक सैल करून पाहावेत : कोण, कुठे, केव्हा, किती आणि नेमके काय. या उदाहरणात ‘कोण’ बदलले की बरेच सुटते. शस्त्रक्रियेनंतर काही बायका तोडीला जाणे थांबवतात आणि गावातच राहतात. त्या नोव्हेंबरातही भेटतात, मुकादमाच्या उचलीत नसतात आणि दुपारी घरात एकट्या सापडू शकतात. तेव्हा प्रश्न असा होतो : ‘तोडीला जाणे थांबवलेल्या, तीस वर्षांवरील स्त्रियांनी गर्भाशय काढण्याचा निर्णय कसा घेतला?’ त्याला मोजणी नको, पंधराएक सविस्तर मुलाखती पुरतात. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचा शब्दन् शब्द उतरवायला पाच-सहा तास जातात. पंधरा मुलाखतींचे ऐंशी-नव्वद तास झाले, तर ते महिन्याभरात बसतात. दोन गावे, दोन फेऱ्या, स्थानिक सोबतीण आणि मुक्काम हे २५ हजारांत जमते.

या बदलाची किंमतही मोजावी लागते. अजून कोयता हातात असलेल्या बायका या अभ्यासात नाहीत. शस्त्रक्रिया होऊनही कर्जापायी महिन्या-दीड महिन्यात पुन्हा फडात उभी राहिलेली बाई, जिच्यामुळे हा प्रश्न मुळात गाजला, तीच बाहेर राहते. निष्कर्षातले एकही वाक्य तिच्याबद्दल लिहिता येणार नाही. मार्गदर्शकाला ही काटछाट मान्य नसेल, तर दुसरा उपाय मुदत हलवण्याचा. परवानगी आदल्या उन्हाळ्याआधी काढायची आणि टोळ्या परतल्यावर मे-जूनमध्ये गावात मुलाखती घ्यायच्या. पण त्यासाठी विषय पहिल्या वर्षीच ठरलेला हवा.

शेवटची तपासणी फील्डवर होते. इथे एक बारकावा आहे. पथदर्शी मुलाखत ही मुलाखतच असते, तिलाही समितीची परवानगी लागते. परवानगीआधी फक्त वाट पाहून येता येते : आशा सेविकेला भेटणे, गावात अशा किती बायका असाव्यात याचा अंदाज घेणे, बस कधी येते-जाते पाहणे, जवळचे समुपदेशन किंवा उपचार कुठे मिळतील हे विचारून ठेवणे. बोलता बोलता एखादी बाई कोसळली तर तिला पाठवायचे कुठे, याचे उत्तर नसेल तर तो प्रश्न विचारायचा नाही. आशा सेविकेचा अंदाजही निम्मा धरावा. तिने तीस सांगितल्या, तर बोलायला तयार पंधरा निघतील असे समजून चालावे.

परवानगी मिळाल्यावरच्या पहिल्या पाच-सहा मुलाखतींसाठी थांबण्याच्या अटी आधीच लिहून ठेवाव्यात. विचारलेल्या दहा जणींपैकी निम्म्याहून कमी तयार झाल्या, दोनहून जास्त मुलाखतींत सासू किंवा नवरा उठलाच नाही, किंवा मुलाखत वीस मिनिटांच्या पुढे गेली नाही, तर आराखडा बदलायचा. हे आकडे प्रत्येक प्रकल्पात वेगळे असतील. पण ते आधी लिहिलेले नसले, तर प्रत्येक वाईट मुलाखतीला काही ना काही सबब सापडते आणि फेब्रुवारी येतो. आराखडा बदलूनही जमले नाही, तर माणसांना न विचारता करता येणारा पर्याय उरतो. गोऱ्हे समितीच्या शिफारशींपैकी कोणत्यांवर शासन निर्णय निघाले आणि कोणत्यांवर नाही, हे उपलब्ध कागदपत्रांवरून तपासता येते. त्याला हंगाम लागत नाही, मुकादम लागत नाही आणि प्रसिद्ध कागदपत्रांपुरताच अभ्यास असल्याने नैतिकता समितीकडून पूर्ण छाननीतून सूटही मिळू शकते.