शेजारी पदांचे वर्गमूळ

इटलीतल्या बोलोन्याचा पिएत्रो मेंगोली १६५० साली एका बेरजेपाशी अडला: १ + १/४ + १/९ + १/१६ + … अखेर किती भरते? उत्तर ऑयलरने १७३५ च्या सुमारास दिले. पायचा वर्ग भागिले ६, म्हणजे साधारण १.६४५.

आता या श्रेणीतली लागोपाठची दोन पदे घ्यायची, त्यांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचे. १ आणि १/४ यांतून १/२ मिळतो, १/४ आणि १/९ यांतून १/६, पुढे १/१२, १/२०. ही नवी श्रेणी अभिसारी आहे का, म्हणजे तिची बेरीज एखाद्या ठरावीक संख्येवर स्थिरावते का?

हे ठरवायला बेरीज करावीच लागत नाही. दोन धन संख्यांचा भूमितीमध्य, म्हणजे त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, त्यांच्या सरासरीहून कधीच मोठा नसतो. त्या संख्यांच्या वर्गमूळांतला फरक घेऊन त्याचा वर्ग केला, तर तो ऋण येऊ शकत नाही; तो उलगडला की हीच गोष्ट समोर येते. म्हणून नव्या श्रेणीतल्या प्रत्येक पदाच्या जागी त्या जोडीची सरासरी ठेवली, तर बेरीज वाढेल, घटणार नाही.

सरासऱ्यांची बेरीज मात्र सोपी आहे. मूळ श्रेणीतले प्रत्येक पद दोन जोड्यांत येते, एकदा डावीकडच्या शेजाऱ्याबरोबर, एकदा उजवीकडच्या. दोन्ही वेळा ते निम्मे मोजले जाते, म्हणजे एकूण पुरे. पहिल्या पदाला डावीकडे कोणीच नाही, त्यामुळे त्याचा अर्धाच भाग हाती लागतो. म्हणजे कमाल मर्यादा १.६४५ वजा ०.५, सुमारे १.१४५.

इथेच विद्यार्थी घाई करतात. मर्यादा सापडली म्हणजे काम झाले, असे नाही. १ − १ + १ − १ … ही बेरीजही मर्यादेत राहते, पण ० आणि १ यांच्यामध्ये हेलकावे खात बसते. आपली पदे धन आहेत, बेरीज फक्त वर चढते आणि मर्यादा ओलांडू शकत नाही, म्हणून तिला स्थिरावावेच लागते.

प्रत्यक्षात ती १/२, २/३, ३/४, ४/५ अशी चढत १ कडे जाते. (ही बेरीज मेंगोलीलाही जमली होती, १/६ म्हणजे १/२ वजा १/३, हे एवढे दिसले की पुरे.) असमानतेने फक्त मर्यादा सांगितली, नेमके उत्तर नाही.

उलट विधान मात्र खोटे आहे. १, १/४, १, १/१६, १, १/६४ … ही पदे घ्या. मूळ बेरीज अमर्याद फुगते. वर्गमुळे मात्र १/२, १/२, १/४, १/४, १/८, १/८ … अशी येतात आणि त्यांची बेरीज २ भरते. मोठ्या पदाला दर वेळी चिमुकला शेजारी भेटतो, त्याचा हा परिणाम.

पदे उतरत्या क्रमाने असतील तर ही पळवाट बंद होते, कारण तेव्हा भूमितीमध्य जोडीतल्या लहान पदाहून कमी नसतो. म्हणूनच १ + १/२ + १/३ + … ही बेरीज जशी अमर्याद वाढते, तशीच तिच्या शेजारी पदांच्या गुणाकारांच्या वर्गमुळांची बेरीजही अमर्याद वाढते.